ट्युटोरियलमधेच गेम सोडणाऱ्या पोट्ट्यासाठी: कोणता गेम द्यायचा आन् पहिली दहा मिनिटं कशी काढायची

आपल्याइकडे ज्या पोट्ट्याचं लक्ष टिकत नाही त्याले गेम लावून देताना लोकं एक तर जो सगळे खेळून राहिले तोच टाकून देतात, नाहीतर "डोकं चालवा लागते असा काहीतरी दे" म्हणून एखादा जड गेम देतात. दोन्ही वेळेस तो दोन-तीन मिनिटात बाहेर येतो आन् मग घरच्यांचं ठरलेलं वाक्य, याले कशातच गोडी नाही. मले हे वाक्य अजिबात पटत नाही म्हणून हे सविस्तर लिहितो. ज्यांच्या घरी असा भाचा, पुतण्या, लहान भाऊ आहे किंवा स्वतःचंच असं होते, त्यांच्यासाठी आहे.

माझा भाचा आर्वीकडच्या एका गावात राहते, बारा वर्षांचा. लक्ष टिकत नाही हे नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे, एडीएचडी म्हणतात त्याले. त्याले किल्ले, फौजा, राज्य वाढवणं हे सगळं भयंकर आवडते, पण तसला गेम उघडला की आधी अर्धा स्क्रीन काळा होते, एक बाई येऊन इंग्रजीत बोलते, बोट दाखवणारा बाण नाचते, तो सांगेल तिथंच दाबा लागते, दुसरीकडे दाबलं तर काहीच होत नाही. "मामा, हे कवा सुरू होते?" आन् फोन खाली. पण हाच पोट्टा हिल क्लाइंब रेसिंग अर्धा अर्धा तास खेळते. म्हणजे गेम नाही अडत, गेमच्या आधीचं दार अडते.

असं काहून होते ते थोडक्यात समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच आहेत. ट्युटोरियल पाच-सहा गोष्टी एकदम सांगते आन् त्यांची गरज नंतर कधीतरी पडणार असते. ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं, हेच या मुलांना सगळ्यात जड जाते. दुसरं म्हणजे उशिरा मिळणारं बक्षीस त्यांना ओढत नाही, आत्ता केलं आन् आत्ता दिसलं तर हात चालते. आन् जबरदस्तीच्या ट्युटोरियलमधे तर ठरवायला काहीच नसते, दाबलं काय न दाबलं काय सारखंच. त्यात भाषा इंग्रजी.

आधी नुसतं बघा

पहिलं काम म्हणजे कोणताही नवीन गेम त्याच्या हातात द्या आन् बाजूले बसा, काही बोलू नका, शिकवू नका. तो कुठं सोडते तेवढं बघा. साधारण तीन जागा असतात. मजकूर वाचायचा आला की सोडते, किंवा मजकूर पार करते पण बाणामागे दाबत बसणं आलं की सोडते, किंवा ते पण निपटवते आन् ट्युटोरियल संपल्यावर समोर दहा बटनं, लाल ठिपके, बक्षिसांच्या पेट्या दिसल्या की "आता का करू?" म्हणून सोडते.

या तिन्हींचा उपाय वेगळा आहे. पहिल्यावाल्याले तुम्ही बाजूले बसून एका वाक्यात सांगितलं की काम होते. दुसऱ्यावाल्यासाठी ट्युटोरियल तुम्ही स्वतः खेळून संपवा आन् मग फोन द्या, यात काही गैर नाही, ती काही परीक्षा नाही. तिसरा सगळ्यात जास्त भेटते आन् लोकांच्या सगळ्यात कमी लक्षात येते, त्याले ट्युटोरियलचा त्रासच नसते, त्याले लक्ष्य दिसत नसते. माझा भाचा दुसरा आन् तिसरा दोन्ही आहे.

गेम द्यायच्या आधी स्वतः तपासा

डाउनलोड करून स्वतः उघडा. उघडल्यापासून साधारण एका मिनिटात बोटानं काहीतरी खरं करता येते का, आन् त्याचा परिणाम लगेच दिसते का. हरल्यावर परत सुरू व्हायले किती वेळ लागते, एका दाबात झालं तर उत्तम, मधे चार स्क्रीन आल्या तर तिथंच तो जाईल. आत्ता काय करायचं हे स्क्रीनवर एका ओळीत किंवा चित्रात दिसते का. आन् नेट बंद करून चालते का, कारण गावात रेंजचा काही भरोसा नाही, खेळता खेळता गोल फिरत बसलं की संपलं.

शब्दाशिवाय शिकवणं जमते बरं का. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल बघा, एक ओळ सूचना नाही, एक छोटा शत्रू चालत चालत समोरून येते, उडी मारली तर वाचता, नाही मारली तर मरता, आन् लगेच परत तिथंच उभे. असे गेम शोधायचे.

पोट्टे मागतात ते मोठे बंदुकीवाले गेम या तपासणीत बहुतेक नापास होतात. विमानातून उतरा, सामान गोळा करा, बराच वेळ कोणी भेटतच नाही, मग एका सेकंदात मेला आन् परत त्या लॉबीत जिथं इव्हेंट, स्पिन, ऑफर सगळं एकाच वेळी चमकत असते. त्याचा मित्र खेळते म्हणून तो मागते, पण याच्यासाठी ती लॉबीच घात करते.

सुरुवात हिल क्लाइंबनं

हिल क्लाइंब रेसिंग 2012 चा गेम आहे, जुन्या फोनवर पण चालते, नेट लागत नाही. दोन पेडल, गॅस आन् ब्रेक, बस. सांगायची गोष्ट एकच, गाडी हवेत असताना गॅस दाबला की नाक वर उठते आन् ब्रेक दाबला की नाक खाली येते, डोकं जमिनीले लागलं की डाव खतम. हे पण आधी नका सांगू, दोनदा उलटला की तिसऱ्यांदा सांगा, तेव्हा ते त्याच्या कामाचं असते म्हणून डोक्यात राहते.

लक्ष्य आपोआप दिसते, पेट्रोल संपायच्या आत पुढचा डबा गाठणं. डबा गाठला की पुढचा डबा. फक्त एक करा, डाव सुरू व्हायच्या आधी विचारा, "यावेळेस पैसे कायले जमवून राह्यला?" इंजिन, सस्पेन्शन, टायर, यातलं एक त्यानं तोंडानं बोलून ठरवलं पाहिजे. नाहीतर पोट्टे जे परवडते ते घेत सुटतात आन् मग काहीच बदललेलं जाणवत नाही.

मग तीन लक्ष्यांचा गेम

दुसरी पायरी अल्टोज अ‍ॅडव्हेंचर. अँड्रॉइडवर फुकट आहे, जाहिराती असतात. बर्फाच्या उतारावरून पोरगा घसरत जाते, दाबलं की उडी, हवेत दाबून धरलं की उलटी कोलांटी. हा निवडायचं कारण त्याची बांधणी आहे, एकूण 60 लेव्हल आन् प्रत्येक लेव्हलले नेमकी तीन लक्ष्यं. तीन पूर्ण झाली की पुढची तीन. अमुक अंतर जा, इतके लामा पकडा, इतक्या कोलांट्या मारा, असली. अकराव्या लेव्हलले माया नावाची नवीन खेळाडू उघडते, म्हणजे थोडं लांबचं बक्षीस पण आहे, पण मधे मधे छोटी बक्षिसं चालूच राहतात.

तीन पण याच्यासाठी जास्त होतात हे लक्षात ठेवा. तीनही वाचून दाखवली तर तो तिघांच्या मधे लटकते, लामा पाहून तिकडे उडी मारते, मधेच कोलांटी आठवते, दगडावर आपटते. म्हणून मराठीत एकच सांगा, "या डावात फक्त लामा." बाकी दोन त्या डावापुरती नाहीतच. लक्ष्यात "एकाच फेरीत" अशा अर्थाचे शब्द आहेत का ते तुम्ही वाचा. तसं असलं तर ते लक्ष्य शेवटी ठेवा, कारण आपटलं की सगळं पहिल्यापासून.

कोलांटीचं एकच गुपित आहे, लहान उडीवर ती पुरी होत नाही. उंचवट्यावरून किंवा मोठ्या उतारावरून सुटल्यावरच दाबून धरायचं आन् पाय खाली आले की सोडायचं. पोट्टे सपाट जागेवर दाबून धरतात आन् डोक्यावर पडतात.

आन् झेन मोडवर त्याले पाठवू नका. लोकं शांत म्हणून तेच सुचवतात, पण त्यात गुणही नाहीत, नाणी नाहीत, लक्ष्यही नाही, ज्याले लक्ष्यच पाहिजे त्याले तिथं ठेवलं तर तो दोन मिनिटात उठेल. ज्याले नुसतं मन निवांत करायचं आहे त्याच्यासाठी ते छान आहे, याच्यासाठी नाही.

आता जो त्याले खरंच खेळायचा आहे तो

खरी गोष्ट इथं आहे. फौजा आन् राज्यवाला गेम त्याले पाहिजे होता आन् तसले गेम म्हणजे ट्युटोरियलचा डोंगर. मी द बॅटल ऑफ पॉलिटोपिया निवडला. फुकटात चार टोळ्या मिळतात, एकट्यानं कॉम्प्युटरविरुद्ध खेळायले नेट लागत नाही, आन् परफेक्शन नावाच्या मोडमधे डाव बरोबर 30 टर्नचा असते. शेवट कुठं आहे हे आधीच माहीत असणं या मुलांसाठी लय मोठी गोष्ट आहे, न संपणारं काम दिसलं की ते सुरूच करत नाहीत. डॉमिनेशन मोड, म्हणजे सगळ्यांना हरवेपर्यंत, तो नंतर.

गेम तुम्ही लावा, त्याच्या हातात देऊन मेनू शोधायले लावू नका. टोळी बार्दुर घ्या, शत्रू एकच, सगळ्यात सोपी पातळी. ट्युटोरियल विचारलं तर नाही म्हणा. नकाशा उघडला, मधे शहर, एक सैनिक, चारी बाजूनं ढग, आता फोन त्याले द्या.

बार्दुर का, तर या टोळीले शिकार सुरुवातीपासूनच येते. हातात 5 तारे असतात, तारे म्हणजे इथला पैसा. एका जनावराची शिकार 2 ताऱ्यांची आन् तिनं शहराची वस्ती 1 नं वाढते. राजधानीले दुसऱ्या पातळीवर जायले वस्ती 2 लागते. म्हणजे पहिल्याच टर्नमधे दोन जनावरं मारली, 4 तारे गेले, शहर वाढलं आन् गेम स्वतःच विचारते, वर्कशॉप पाहिजे का एक्सप्लोरर. गेम सुरू होऊन एक मिनिट नाही झालं आन् त्यानं एक ठरवून केलेलं काम पूर्ण झालं, आन् आता त्याले खरा निर्णय घ्यायचा आहे. हजार बाणांनी जे होत नाही ते इथं होते.

त्याले सांगायचं वाक्य एवढंच: "शहराजवळ दोन जनावरं शोध आन् मार." तारे किती, वस्ती म्हणजे काय, हे काहीच नाही. बहुतेक वेळा हद्दीत जनावरं दिसतातच, नसली तर डाव सोडून नवीन लावा, त्यात दहा सेकंद जातात. निवड आली तर दोन्ही एका एका ओळीत सांगा: वर्कशॉप म्हणजे दर टर्नले एक तारा जास्त, एक्सप्लोरर म्हणजे ढग उघडून मिळतात. काय घ्यायचं ते त्याले ठरवू द्या. माझ्या भाच्यानं एक्सप्लोरर घेतला होता, "मले पाह्यचं आहे न पलीकडे का आहे", तर घेऊ द्या. हिशोबानं वर्कशॉप बरं असलं तरी इथं त्याचा रस जास्त महत्त्वाचा.

दुसरं लक्ष्य, "सैनिकाले ढगात ने आन् एक गाव शोध." सैनिक एका टर्नले एकच घर चालते, म्हणून हे तीन-चार टर्न चालते आन् दर टर्नले थोडे ढग हटतात, म्हणजे काहीतरी दिसत राहते. गाव सापडलं की तिसरं लक्ष्य, "गावावर उभा राह्य, टर्न संपव, मग कब्जा दाब." इथं एक खोड हमखास होते. गावावर पोचल्या पोचल्या कब्जा होत नाही, पुढच्या टर्नले होते, आन् पोट्ट्याले वाटते काहीच झालं नाही म्हणून तो सैनिक पुढं घेऊन जाते. पोचायच्या आधीच्या टर्नले एकदा सांगा, "थांबा लागते तिथं." त्याच्या आधी सांगितलं तर ते उडून जाते.

गाव मिळेपर्यंत टेक ट्री, म्हणजे तारे देऊन नवीन विद्या शिकायचं पान, उघडू देऊ नका. तिथं गोल गोल चिन्हांचं झाडच आहे, आन् "सगळं एकदा पाहून घेतो" म्हणून गेलेला पोट्टा तिथंच संपते. पहिलं गाव घेतल्यावर उघडायचं आन् एकच गोष्ट घ्यायची, मी रायडिंग घ्यायले लावतो. चांगले खेळणारे म्हणतील आधी दुसरं घे, शहराजवळ फळं असली तर ऑर्गनायझेशन घे, बरोबर आहे त्यांचं. पण घोडेस्वार दोन घरं चालते, म्हणजे प्रत्येक टर्नमधे दुप्पट दिसते, आन् ज्याचा जीव हळू चालीनं कंटाळते त्याच्यासाठी ते गुणांपेक्षा मोलाचं आहे.

यानंतर लक्ष्यं त्यालेच ठरवू द्या, पण तोंडानं बोलून. "आता का करतो?" विचारा आन् उत्तर एका वाक्याचं पाहिजे. "उत्तरेकडचं गाव घेतो" हे लक्ष्य झालं. "राज्य मोठं करतो" हे लक्ष्य नाही, त्याले विचारा, कुठून सुरू?

बिघडून राहिलं हे कसं ओळखायचं ते सांगतो. तो काही न हलवता नेक्स्ट टर्न, नेक्स्ट टर्न दाबत सुटला की समजा लक्ष्य हरवलं आहे. बाहेरून पाहणाऱ्याले वाटते कंटाळला, पण बहुतेक वेळा कंटाळा नसते, पुढं काय हेच दिसत नसते. फोन घेऊ नका, भाषण देऊ नका, नकाशावर एकच जागा बोटानं दाखवा, "हे ढग अजून उघडले नाही." लगेच परत लागते. एकच गोष्ट दाखवून पण दाबतच राहिला तर मात्र खरंच थकला आहे, बंद करा.

30 टर्न एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. पाच-सात टर्न झाले की थांबलं तरी चालते, गेम आपोआप सेव्ह राहते. पण थांबताना पुढचं एक लक्ष्य वहीच्या पानावर लिहून ठेवा, त्याच्याच शब्दात: "घोडेवाला पाठवून निळ्याचं शहर पाहणे." दुसऱ्या दिवशी उघडल्यावर तो जर आधी नकाशा आठवत बसला तर तेच एक छोटं ट्युटोरियल होते आन् सोडून देते. ते पान वाचलं की सरळ हात चालते.

फोनची तयारी

हे कंटाळवाणं आहे पण अर्धं काम इथंच होते. खेळायच्या आधी विमान मोड लावा, व्हॉट्सअ‍ॅपचा एक टिंग पुरतो, आन् नेटवाल्या जाहिराती पण बहुतेक बंद होतात. अल्टोमधे आपटल्यावर येणारी जाहिरात म्हणजे परत सुरू व्हायच्या रस्त्यातली भिंतच आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमधे सेटिंगमधे App pinning असते, ते चालू करून मग नुकत्याच उघडलेल्या अ‍ॅपच्या यादीतून गेम पिन केला की चुकून बोट लागून गेमच्या बाहेर जाता येत नाही, सेटिंगमधे शोधायची जागा असते तिथं हेच नाव टाका. आन् फोन बाबांचा असेल, त्यात पैसे पाठवायचं अ‍ॅप असेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमधे प्रत्येक खरेदीले पासवर्ड लागेल असं करून ठेवा, घाईनं दाबत जाणाऱ्या बोटाले "खरेदी" आन् "पुढे" यातला फरक दिसत नाही.

थांबवणं

लवकर बक्षीस देणारे गेम या मुलांना चिकटतात पण तेवढेच, सोडता न येणं हा त्याच्याच दुसऱ्या बाजूचा त्रास आहे. "दहा मिनिटं खेळ" म्हटल्यानं होत नाही कारण वेळ किती गेला हे त्यांना आतून कळतच नाही. मिनिटाऐवजी डाव मोजा. हिल क्लाइंबचे पाच डाव, अल्टोचं एक लक्ष्य, पॉलिटोपियाचे सात टर्न. शेवटच्या डावाआधी "हा शेवटचा" असं सांगा आन् तो बोलून "हो" म्हणेपर्यंत डाव सुरू करू देऊ नका. मधेच फोन ओढला तर रडारड होणारच, आन् ती जायज आहे, कारण त्याचं लक्ष्य अर्धवट राहिलं.

शेवटी हे पण स्पष्ट सांगतो, यातल्या कोणत्याच गेमनं लक्ष सुधारते असं मी म्हणून नाही राहिलो. अमेरिकेत 2020 मधे एंडेव्हर-आरएक्स नावाच्या एका गेमले तिथल्या एफडीएनं एडीएचडीच्या मुलांसाठी परवानगी दिली, पण तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर देण्यासाठी बनवलेला आहे, प्ले स्टोअरवरच्या कोणत्याही गेमले त्याच्या नावानं खपवू नका. शाळेत, घरी, खेळात सगळीकडेच अडून राहिलं असेल तर जिल्हा रुग्णालयात दाखवा, किंवा सरकारचा टेली मानस क्रमांक 14416 आहे, फुकट आहे, तिथं आधी बोलून घ्या. घरी आजी म्हणते नजर लागली, मास्तर म्हणतात मस्तीखोर आहे, त्यात वर्षं जातात.

भाच्याचं सध्या पॉलिटोपियात डॉमिनेशन चालू आहे, शत्रू अजून एकच ठेवला आहे. दोन शत्रू लावून पाहिले तर तो कोणाकडे जायचं यातच अडकून नेक्स्ट टर्न दाबत बसला, म्हणून परत एकावर आणलं. वाढवायचं असेल तर आधी पातळी वाढवा, शत्रूंची संख्या नंतर.